माफी द्यायचा अधिकार कुणाचा? प्रास्ताविकात एवढंच विचार

‘मॅडम, पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात क्षमा आणि पश्चात्ताप या विषयावर विद्यार्थ्यांचा परिसंवाद आहे. हिंदू, जैन, बौद्ध, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरेवर पाच जण बोलणार आहेत. प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडलंय, वेळ सात मिनिटं. “सगळे धर्म क्षमाच शिकवतात” यापलीकडे काही सुचत नाहीये. काय बोलू?’

ते वाक्य आधी खोडून टाक. ते बोललीस की पुढच्या पाच जणांना बोलायला काही उरत नाही. उत्तर तूच देऊन टाकलेलं असतं, तेही पहिल्या मिनिटात.

तत्त्वज्ञान शिकवता शिकवता अशा कार्यक्रमांची प्रास्ताविकं मी पुष्कळ केली, आणि चुकाही केल्या. एकदा मी ठोकून दिलं होतं की जैनांचं ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणजे ‘मला माफ करा’. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक जैन आजी काठी टेकत आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘बाळ, त्यात माफ करा कुठंय?’ खरंच नाही. संस्कृतात ते ‘मिथ्या मे दुष्कृतम्’ होतं: माझं वाईट कृत्य फोल ठरो. समोरच्याकडे त्या शब्दांत काही मागितलेलंच नाही. तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. मंचावर ज्या परंपरेचा माणूस बसला आहे तिचा अर्थ आपण सांगायचा नाही. आपण फक्त प्रश्न ठेवायचा.

मग सात मिनिटं बोलायचं कशावर? तुझ्या यादीत ज्यू परंपरा नाही, ही तुझ्यासाठी मोठी सोय आहे. तिच्यावर तू मोकळेपणाने बोलू शकतेस, कुणाच्या पानातलं उचलल्यासारखं होत नाही. शिवाय ती पुण्याला परकी नाही. कॅम्पातलं लाल देऊळ तू पाहिलं असशील. ते 1867 साली बांधून झालेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, नाव ओहेल डेव्हिड. आणि कोकणातून आलेले बेने इस्राएल तर घरात मराठीच बोलणारे लोक. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. ज्या दिवसाला जगभरचे ज्यू योम किप्पूर म्हणतात, म्हणजे उपास करून वर्षभराच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागण्याचा दिवस, त्याला त्यांच्याकडे मराठी नाव आहे: दारफळणीचा सण. दारं लावून घेऊन दिवस काढायचा. हा शब्द सभागृहात उच्चारलास की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते, हे मी पाहिलंय.

पण सुरुवात या शब्दाने करू नकोस. आधी एक प्रसंग सांग, आणि तो कल्पित आहे हे आधीच सांगून टाक. नाहीतर लोक ‘हे कुठल्या हॉस्टेलचं’ याच विचारात अडकतात. मी वापरते तो असा. होस्टेलच्या मेसचे जमा झालेले तीन हजार रुपये एका मुलाने टेबलाच्या खणातून उचलले. संशय गेला डबे पोचवणाऱ्या मावशींवर, कारण दुपारी त्या खोलीत त्याच येऊन गेल्या होत्या. कुणी पोलिसात गेलं नाही, फक्त ‘उद्यापासून येऊ नका’ एवढंच सांगितलं. मुलगा गप्प राहिला. दोन वर्षांनी नोकरी लागल्यावर त्याला झोप येईना. आता त्याने काय करावं?

इथे थांबून लोकांना जरा विचार करू दे. बहुतेकांच्या मनात ‘पैसे परत करावेत’ एवढंच येतं. पैसे मेसचे होते, मावशींचे नव्हते. मावशींचं गेलं ते काम आणि नाव. चोरी एकीकडे आणि नुकसान दुसरीकडे, अशी रचना मी मुद्दाम केली आहे. साधी उदाहरणं घेतली की सगळ्या परंपरा सारख्या दिसायला लागतात, फरक अशा तिरक्या प्रसंगातच उघडे पडतात.

आता ज्यू परंपरा. साधारण इसवी सन 200 च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना नावाच्या ग्रंथात योमा हे प्रकरण आहे. त्याच्या शेवटी एक नियम येतो, तो थोडक्यात असा: माणूस आणि देव यांच्यातले अपराध त्या उपासाच्या दिवसाने फिटतात, पण माणूस आणि माणूस यांच्यातले अपराध, ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्याशिवाय फिटत नाहीत. म्हणजे आपल्या मुलाने दारं लावून दिवसभर कडकडीत उपास केला, अगदी रडून केला, तरी मावशींचा हिशेब जिथल्या तिथेच राहतो. त्यांच्या वतीने माफ करायचं काम देव अंगावर घेत नाही.

बाराव्या शतकात मायमोनिडीझ या पंडिताने, ज्यू लोक ज्यांना रामबाम म्हणतात, हा नियम पायऱ्यापायऱ्यांनी लिहून काढला. त्या पायऱ्या मावशींच्या प्रसंगाला लावून दाखव, तुझ्या भाषणाचा गाभा हाच. पहिलं, देणं देऊन टाक. मेसचे तीन हजार तर आहेतच, बुडालेल्या रोजगाराचाही विचार कर. पण देणं दिलं म्हणजे काम झालं नाही, स्वतः जाऊन समजूत घाल. मावशींनी दार लावून घेतलं, तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा जा. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही त्या नाहीच म्हणाल्या, तर सोडून दे. आता माफ न करणाऱ्याकडे दोष जातो. मात्र ज्याचा अपराध केला तो आपला गुरू असेल तर तीन वेळांची मर्यादा नाही, हजार वेळा जावं लागलं तरी जा. (हे वाक्य प्राध्यापकांच्या रांगेकडे बघून म्हण, हशा नक्की येतो.) आणखी एक बारकावा आहे: देवाविरुद्धचा अपराध चारचौघांत सांगत सुटू नये, पण माणसाविरुद्धचा उघडपणे कबूल करणं चांगलं. आपल्या मुलाला हे जड जाणार, कारण मावशींचं नाव सगळ्या होस्टेलसमोर गेलं होतं. मग ते परत मिळणार तेही सगळ्यांसमोरच.

आणि मावशी मधल्या काळात वारल्या असतील तर? रामबाम सांगतात, दहा माणसं घेऊन थडग्यापाशी जा आणि मोठ्याने म्हण, मी देवाचा आणि या माणसाचा अमुक अपराध केला. पैसे देणं असेल तर वारसांना दे. पश्चात्ताप खरा आहे हे कशावरून ओळखायचं, याचीही त्यांची कसोटी आहे. तीच संधी पुन्हा समोर आली, हात पोचत होता, आणि तरीही त्याने हात लावला नाही. भीतीने किंवा अंगात बळ उरलं नाही म्हणून नव्हे, पश्चात्तापामुळे लावला नाही. म्हणजे तोच उघडा खण, तीच दुपार. रडू किती आलं याला तिथे भाव नाही.

एवढ्याला तुझी साडेतीन मिनिटं जातील. जाऊ देत.

आता याच्या अगदी उलट टोक हवं, आणि ते पुण्यातच आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी, डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. टिळक धर्मशास्त्राचे आधार घेऊन भांडले. पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या सुधारक अनुयायांना ते फार लागलं.

या प्रकरणात दुखावलेली मावशी कुठे आहे ते शोध. सापडणार नाही. कुणाचं काही गेलेलं नाही, चहा पिणाऱ्याला चहा प्यायल्याचं दुःखही नाही, तरी प्रायश्चित्त आहे, त्याचा विधी आहे, आणि ते घेतल्यावर माणूस पंक्तीत परत येतो. म्हणजे ‘प्रायश्चित्त’ आणि ‘पश्चात्ताप’ हे शब्द आपण बोलताना अदलाबदल करून वापरतो खरे, पण इथे त्यांची फारकत झालेली आहे. एकाला मनातली जळजळ लागते, दुसऱ्याला समाजाची मान्यता. हिंदू परंपरा एवढीच आहे असं मात्र चुकूनही सुचवू नकोस. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातच पाप उघड सांगणं, अनुताप आणि ‘पुन्हा असं करणार नाही’ म्हणून निवृत्त होणं, यांनी माणूस सुटतो असं म्हटलंय. आणि संतांच्या तोंडी तर अनुताप हा शब्द पदोपदी येतो. पण ते तुझ्या हिंदू वक्त्याला बोलू दे. चहाची गोष्ट तू सांगणार आहेस हे त्याला किंवा तिला आधी कळव, नाहीतर मंचावर चेहरा पडतो. भांडारकर संस्थेने छापलेल्या काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचं विवेचन आहे, तोही त्यांना सुचव.

ही दोन टोकं मांडून झाली की तुझं मुख्य काम संपलं. एका टोकाला दुखावलेल्या माणसावाचून गाडी हलतच नाही, दुसऱ्या टोकाला दुखावलेला माणूसच नाही. श्रोत्यांना आता विचार की आमचे पाच वक्ते या दोन टोकांमध्ये कुठे कुठे उभे राहतात, ते बघत ऐका.

शेवटच्या दीड मिनिटात पाचही जणांकडे एकेक प्रश्न सोपवायचा. हे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. त्यासाठी आठवडाभर आधी प्रत्येकाबरोबर पंधरा मिनिटं बस, मावशींचा प्रसंग सांग आणि ‘तुझ्या परंपरेत हा मुलगा पहिल्यांदा कुणाच्या दारात जाईल?’ एवढंच विचार. कुठे बोट ठेवायचं ते मी सांगते.

जैन वक्त्याला काळाबद्दल विचार. त्यांच्याकडे कषायांचे, म्हणजे रागासारख्या मनाच्या विकारांचे, चार दर्जे मानले आहेत. सर्वांत सौम्य तो पंधरवडाभर टिकणारा, मग चार महिने, मग वर्ष, आणि सर्वांत घट्ट तो जन्मभराचा. प्रतिक्रमणही, म्हणजे आपले दोष आठवून त्यांतून मागे फिरण्याचा विधी, पाक्षिक, चौमासी आणि सांवत्सरिक असतं. म्हणजे राग पुढच्या दर्जाला जाऊन घट्ट होण्याआधी गाठ सोडायची. संवत्सरीला म्हणायच्या ‘खामेमि सव्वजीवे’ या ओळीत आधी मी सर्व जीवांना क्षमा करतो असं येतं, ‘सगळ्यांनी मला क्षमा करावी’ हे त्यानंतर. आपल्या प्रसंगात याने गंमत होते: मुलाची वाट न बघता मावशींनीच आपली गाठ सोडायची? दोन वर्षं उलटून गेली, त्याचं काय? हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यांत रंजक वाटतो, पण तो विचारून तू गप्प बस.

बौद्ध वक्त्याला अंगुलिमालाबद्दल विचार, आणि उत्तरार्धाबद्दलच विचार. पूर्वार्ध सगळ्यांना पाठ असतो. माणसं मारणारा अंगुलिमाल भिक्षू झाला, अर्हत झाला, आणि तरी भिक्षेला गेला की कुणाचं ढेकूळ, कुणाची काठी त्याला लागायची. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत आला तेव्हा बुद्धांनी त्याला सहन कर म्हणून सांगितलं: नरकात हजारो वर्षं भोगायचं ते तू इथे भोगतो आहेस. मन पूर्ण बदललं तरी ढेकळं चुकत नाहीत. मग आपल्या मुलाला पश्चात्तापाने नेमकं काय मिळतं?

ख्रिस्ती वक्ता कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट, हे आधी विचारून घे. पुण्यात दोन्ही आहेत आणि उत्तर बदलतं. कॅथलिक असेल तर पाद्रीपुढे पापकबुली, पापक्षमा आणि त्यानंतरचं प्रायश्चित्त असा क्रम आहे. पण चर्चची शिकवण असंही सांगते की पापक्षमेने झालेलं नुकसान भरून निघत नाही, चोरलेलं परत करावं, बदनामी केली असेल तर नाव परत मिळवून द्यावं. मावशींचं प्रकरण तिथे थेट बसतं. प्रोटेस्टंट असेल तर पाद्रीपुढचा तो विधी संस्कार म्हणून नाही. मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली ओळ पुढे कर, वेदीवर दान ठेवता ठेवता भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याची गोष्ट सगळेच सांगतात, तिची आठवण तू करून द्यायची गरज नाही.

इस्लामवर बोलणाऱ्याला हक्काबद्दल विचार. तौबेच्या तीन अटी सांगतात: गुन्हा थांबवणं, मनापासून खंत, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क गुंतला असेल तर चौथी अट लागते, ज्याचा हक्क त्याला परत करणं. हुकूकुल इबाद, माणसांचे हक्क. एका हदीसमध्ये दिवाळखोर कोण हे सांगितलंय: नमाज, रोजे, जकात यांची पुंजी घेऊन आलेला, पण कुणाला शिव्या दिलेल्या, कुणावर आळ घेतलेला, कुणाचं खाल्लेलं. त्याची पुण्याई एकेका दावेदाराला वाटून संपते. हे मिश्नातल्या नियमाच्या किती जवळ आहे बघ, तुझा वक्ता ते नाकारेल किंवा मान्य करेल, दोन्हीत रंगत आहे. तौबा आणि ज्यूंचा तेशुवा या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘परत फिरणं’ आहे, हे त्याच्या कानावर घालून ठेव. आपल्या ‘पश्चात्ताप’मध्ये मात्र मागाहून होणारा ताप आहे, परतण्याचा रस्ता नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळ. श्रोत्यांना ‘डोळे मिटा आणि ज्याला माफ करायचं त्याला आठवा’ असलं काही सांगू नकोस. एका ठिकाणी आयोजकांनी दारातच चिठ्ठ्या वाटल्या होत्या, ‘आज मी कुणाला माफ करेन’ असं वर छापलेल्या. माझ्यासमोर एका मुलीने ती चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवली आणि सभागृहात न शिरता जिना उतरून गेली. तिच्याबाबतीत काय घडलं होतं मला माहीत नाही. पण माफ करणाऱ्याचं गुणगान सुरू झालं की न करणाऱ्याला आपण आरोपी करतो, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून रामबामचा ‘तीन वेळांनंतर दोष माफ न करणाऱ्याचा’ हा नियम सांगशील तेव्हा हेही सांग की त्या तीन खेपा आधी घालाव्या लागतात, आणि देणं दिल्यावरच घालायच्या असतात. त्या आधी कुणी मावशींना ‘सोडून द्या हो आता’ म्हणायला गेलं, तर त्याला या नियमाचा आधार मिळत नाही.

वेळेचं म्हणशील तर मंचावर मराठी मिनिटाला साधारण एकशे दहा-वीस शब्दांच्या गतीने बोलली जाते. सातशे शब्द लिही, आठशे लिहू नकोस. हशा, टाळी आणि माइकची खरखर यात एक मिनिट जातंच. घरी मोबाइलवर वेळ लावून उभ्याने म्हणून बघ, बसून वाचलं की वेळ कमी भरतो. रामबामच्या पायऱ्या कागदावर ठेव, पण मावशींचा प्रसंग पाठ हवा, तो वाचून दाखवला की मेलाच. पाहुण्यांची ओळख, दीपप्रज्वलन, आभार हे सगळं सूत्रसंचालकाकडे ढकल.

आणि पहिल्यांदा कुणाला बोलवायचं ते तूच ठरवून घे, आयोजकांच्या पत्रिकेत बहुधा हिंदूपासून सुरुवात असेल. मी असते तर जैन वक्त्यापासून केली असती, शेवटचं वाक्य असं ठेवून: ‘मुलगा अजून बसस्टँडवरच उभा आहे, मावशींच्या गावची गाडी लागलेली आहे, त्याने चढावं का, आणि मावशींनी तोवर काय करावं, हे आधी तू सांग.’ मग माइक तिच्या हातात दे आणि खाली जाऊन बस.